बाई रडली नाही, असं मी लिहिलं

नऊ महिने त्या बाईच्या दाव्याची मिसल, म्हणजे कागदांची फाईल, आमच्या कपाटात पडून होती. कचेरीच्या कामाला वेळ लागायचाच, असं आजही कुणी म्हणालं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. वेळ लागत नसतो. वेळ कुणीतरी लावत असतं. त्या खेपेला तो लावणाऱ्यांत मी होतो.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. जालन्याच्या बाजारात एका माडीवर आमची विमा कंपनीची शाखा होती. राज्य निजामाचं, त्यामुळं सरकारी कागद उर्दूत, हेड ऑफिसचे हुकूम इंग्रजीत आणि जिन्यावरून वर येणारी माणसं मराठी. मला तिन्ही येत होतं, म्हणून चोविसाव्या वर्षी मला क्लेमच्या टेबलावर बसवलं. विमा काढलेलं माणूस मेलं की त्याचे कागद माझ्याकडं यायचे. पाटलाचा मृत्यूचा दाखला, शेवटच्या दुखण्यात औषध दिलेल्या डॉक्टराचा किंवा वैद्याचा जबाब, अंत्यविधीला हजर असलेल्या माणसाची सही, वारसाचा अर्ज. हे सगळं जुळवायचं, मिसलीला लावायचं आणि मॅनेजरपुढं ठेवायचं.

ती बाई राजूरची. नवरा गणपतीच्या देवळाच्या पायऱ्यांशी नारळ-फुलांचं दुकान मांडायचा. त्यानं हजार हाली, म्हणजे निजामी, रुपयांची पॉलिसी काढली आणि अकराव्या महिन्यात तापानं गेला. महिनाभरानं बाई भावाला घेऊन आमच्या माडीवर आली. तिशीची असेल. अंगावर धुवट लुगडं, हातात फडक्यात बांधलेले कागद. मी तिला बसा म्हणालो नाही. तिला मी 'तू' म्हणत होतो, हेही सांगून टाकतो.

"नवरा कशानं गेला?"

"तापानं. सात दिस व्हता ताप."

"आधी आजारी होता का?"

"न्हाई. आदल्या चतुर्थीला दिसभर दुकानावर उभा व्हता. लई गर्दी आल्ती."

ती विचारलं तेवढंच सांगत होती. सरळ, माझ्याकडं बघून. कागद एकेक काढून टेबलावर ठेवत होती आणि कुठला कशाचा हेही सांगत होती. ती गेल्यावर मी भेटीचा अहवाल लिहायला घेतला. पॉलिसी काढून वर्ष झालेलं नव्हतं, एवढी एक गोष्ट खरोखर टिपून ठेवण्यासारखी होती. ती मी टिपली. आणि मग मला हुशारी दाखवायची हुक्की आली. खाली लिहिलं : 'बाईच्या डोळ्यांत पाणी नाही. कागदांची माहिती वाजवीपेक्षा जास्त. पढवून आणल्यासारखी वाटते. संशय घ्यावा.'

मॅनेजरनी ते वाचलं आणि माझ्याकडं कौतुकानं पाहिलं.

"नजर तयार होऊन राह्यली तुझी," ते म्हणाले. "अशीच माणसं ओळखायला शिक."

त्या शाबासकीनं मी आठवडाभर फुगलो होतो. मस्तगडातल्या आमच्या घरी आईलाही सांगितलं.

मॅनेजरनी माझ्या ओळीखाली तांबड्या शाईत लिहिलं, 'बाई बनेल दिसते. दावा थांबवावा.' पुढं पंधरा दिवसांनी मिसलीत एक निनावी पत्र दिसायला लागलं. 'मयत इसमास दोन वर्षांपासून क्षय होता, ही गोष्ट लपवून विमा उतरवला,' असं त्यात होतं, आणि खाली सहीच्या जागी 'राजूरचा एक गावकरी'. झालं. मिसल कपाटात गेली.

बाई दर महिन्याला यायची. राजूरहून मोटारीनं, मोटार नसली तर कुणाच्या बैलगाडीत. जिना चढून दारात उभी राहायची.

"माझ्या कागदाचं काय झालं?"

"चौकशी चालू आहे."

"कोन करून राह्यलं चौकशी? गावात तर कोनी आल्तं न्हाई."

चौकशी कुणीच करत नव्हतं. मी म्हणायचो, "हेड ऑफिसातून होते." हे साफ खोटं होतं. मिसल जालन्याबाहेर गेलीच नव्हती.

नवव्या महिन्यात हैदराबादहून तो कागद आला.

कंपनीत तेव्हा एक नवा हुद्दा निघाला होता : काम नियमानं चालतं की नाही हे पाहणारा अधिकारी. आमच्यात त्यांना 'कायदेवाले साहेब' म्हणत. त्यांनी सगळ्या शाखांच्या क्लेमच्या नोकरांसाठी चार पानी सूचना काढली होती, इंग्रजीत. फसवणुकीच्या खुणा कोणत्या आणि संशय आला तर तो लिहून कसा ठेवायचा, याची. मॅनेजरनी वरचं पान चाळलं आणि माझ्यापुढं टाकलं.

"याचं मराठी करून ठेव. आपल्या दोघा कारकुनांना इंग्रजी वाचता येत न्हाई. वाचून सह्या करा म्हणावं, अन् लावून टाका फायलीला."

मी दुपारभर बसून त्याचं मराठी केलं. त्यातला काही भाग मला अजून तोंडपाठ आहे.

'खूण म्हणजे पुरावा नव्हे. पॉलिसी काढल्यावर थोड्याच काळात मृत्यू होणे ही खूण आहे; पण माणसे पॉलिसी काढल्यावर मरतात, त्यासाठीच ती काढलेली असते. अशा दाव्याची अधिक तपासणी करावी, त्यास अडवून ठेवू नये. हप्ते विमेदाराऐवजी तिसराच इसम भरत होता काय. पॉलिसी मृत्यूच्या थोडी आधी नात्याबाहेरील माणसाच्या नावे करून दिली काय. निरनिराळ्या दाव्यांत तोच साक्षीदार, तोच वैद्य, तेच हस्ताक्षर पुनःपुन्हा येते काय. प्रस्तावावरील सही आणि नंतरच्या कागदावरील सही एका माणसाची दिसते काय. डॉक्टरी तपासणीत लिहिलेल्या शरीरावरील खुणा मयताच्या खुणांशी जुळतात काय, हे पाहावे.'

पुढं लिहिण्याची रीत होती. 'जे डोळ्यांनी पाहिले ते लिहावे. जे ऐकले ते कोणाकडून, केव्हा, कोठे ऐकले यासह लिहावे. स्वतःचा तर्क लिहिणे भागच असेल तर तो तर्क म्हणून वेगळा लिहावा आणि त्याचे कारण द्यावे. लबाड, बनेल, चोर असे शब्द लिहू नयेत. संशयाचा कागद दाव्याच्या मिसलीत न लावता वेगळा ठेवावा, त्यावर तारीख व सही असावी, आणि तो मोहरबंद करून माझ्याकडे पाठवावा. ज्याच्याविषयी संशय आहे त्यास त्याचा सुगावा लागू देऊ नये. संशय वरिष्ठाविषयी असेल तर वरिष्ठामार्फत पाठवू नये. निनावी पत्र आल्यास ते कोणत्या दिवशी, कोणत्या लिफाफ्यातून आले त्याची नोंद करावी, लिफाफा जपून ठेवावा. असे पत्र हा तपासाचा आरंभ होय, निकाल नव्हे.'

तिसऱ्या पानावर एक वाक्य होतं. त्याच्यापाशी माझा टाक थांबला. 'दावेदाराचे रडणे किंवा न रडणे, त्याचा पोशाख, जात, बोलण्याची पद्धत, कागदांची माहिती असणे वा नसणे, या खुणा नव्हेत. त्या लिहिणारा स्वतःचाच स्वभाव लिहितो, दावेदाराचा नव्हे.'

इंग्रजीत ते वाक्य मी आधी वाचलं होतं आणि पुढं गेलो होतो. मराठीत लिहायला घेतलं, तेव्हा शब्द माझे झाले. खाली बाजारात कापसाच्या गाड्या चालल्या होत्या, गाडीवान ओरडत होते, आणि मी तिथं बसून 'रडणे किंवा न रडणे' एवढेच चार शब्द बघत राहिलो. मला स्वतःचा इतका राग आला होता की दौत उचलून भिंतीवर फेकावी असं वाटलं. फेकली नाही. कपाट उघडलं आणि राजूरच्या बाईची मिसल काढली.

या वेळी मी ती सूचना शेजारी ठेवून वाचली.

पॉलिसी लवकर दाव्याला आली होती, ही एक खूण. बाकी काहीच नव्हतं. हप्ते नवऱ्यानंच भरले होते. वारस म्हणून बायकोचंच नाव, पहिल्या दिवसापासून. डॉक्टरी तपासणीत उजव्या भुवईवर जखमेचा व्रण लिहिला होता. अंत्यविधीच्या साक्षीदारानंही तोच व्रण सांगितला होता. औषध देणारा सरकारी दवाखान्यातला डॉक्टर होता, आणि त्यानं सात दिवसांचा ताप लिहून दिला होता. उरलं निनावी पत्र. मी आवक-बुक काढलं. आमच्याकडं येणारा प्रत्येक कागद त्यात नंबर पडून मिसलीत जायचा. या पत्राला नंबर नव्हता. बुकात त्या दिवसात तसलं पत्र आल्याची ओळच नव्हती. लिफाफाही नव्हता. म्हणजे ते टपालानं आलंच नव्हतं, किंवा आलं असलं तरी कुणीतरी ते हातानं मिसलीत ठेवलं होतं. आणि मिसलीला हात लावणारे दोघंच होतो, मी आणि मॅनेजर.

बाई त्या आठवड्यातच आली. मॅनेजर तेव्हा औरंगाबादला गेले होते. मी तिला खुर्ची दिली. तिनं खुर्चीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. बसली नाही.

"बाई, तुमच्या नवऱ्याचा विमा कुणी काढला होता?"

"एजंटानं. तेच घरी आल्ते कागद घेऊन."

"नवरा गेल्यावर एजंट पुन्हा आले होते का?"

तिनं भावाकडं पाहिलं. भाऊ म्हणाला, "सांग की."

"आल्ते," ती म्हणाली. "तेराव्याच्या दुसऱ्या दिशी. म्हनले, कागद मी पास करून आनतो, अर्धे मला द्यायचे. म्या म्हनलं, तुमाला कशापायी? ज्यानं हप्ते भरले तो गेला. मंग म्हनले, बघा बाई, कागद हलनार न्हाई तुमचा."

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"इचारलं कोनी?" ती एकदम चढ्या आवाजात बोलली. "नऊ महिने मी हा जिना चढून राह्यले. तुमी एक डाव तरी इचारलं का, बाई, काय झालं म्हून?"

मी तिचं बोलणं तिच्याच शब्दांत लिहून घेतलं. तारीख घातली, वेळ घातली, भाऊ हजर होता ते लिहिलं, वाचून दाखवलं, आणि तिचा अंगठा व भावाची सही घेतली. तिनं विचारलं, "आता काय व्हईल?" सूचनेप्रमाणं सुगावा लागू द्यायचा नव्हता. "मी वर पाठवतो," एवढंच म्हणालो. याआधी नऊ वेळा तिनं असलंच काहीतरी ऐकलं होतं. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला नाही, आणि बरोबर केलं.

एजंट म्हणजे मॅनेजरांचे साडू. गोरे, गोड बोलणारे, गळ्यात उपरणं. दिवाळीला सगळ्या कारकुनांना मिठाई वाटायचे. मीही खाल्ली होती. त्यांनी आणलेल्या पॉलिसींचे दावे नेहमी झटपट निघत. ते का निघतात, हे मी कधी स्वतःला विचारलं नव्हतं. आता निकाली मिसली काढल्या. मागच्या दोन वर्षांत त्यांच्या पॉलिसींवर चार दावे आले होते. तीन मंजूर आणि एक राजूरचा.

त्या तीन मिसली मी तीन दिवस वाचत होतो. तिन्ही विमेदार वेगवेगळ्या गावचे, तिघेही गरीब, तिघेही एकटे. तिघांनीही मरायच्या दीड-दोन महिने आधी आपली पॉलिसी एकाच माणसाच्या नावे करून दिली होती. हा माणूस कुणाचाच नातेवाईक नव्हता. तिघांच्याही शेवटच्या दुखण्याचा जबाब देणारा वैद्य एकच. अंत्यविधीचा साक्षीदारही एकच. तो तीन गावांत तीन चितांपाशी कसा उभा राहिला, देव जाणे. आणि एका मिसलीत आणखी एक गोष्ट सापडली. विम्याच्या प्रस्तावावर त्या इसमाची सही होती, वळणदार मोडीत. पॉलिसी करून देतानाच्या कागदावर त्याच इसमाचा अंगठा होता आणि खाली लिहिलं होतं, 'निशाणी डाव्या अंगठ्याची, इसम निरक्षर.'

मोडी लिहिणारा माणूस आठ महिन्यांत निरक्षर झाला होता.

डॉक्टरापुढं तपासणीला उभा राहिला तो एक. मेला तो दुसरा. मरायला टेकलेली माणसं शोधायची, धडधाकट माणूस डॉक्टरापुढं नेऊन त्यांच्या नावावर विमा उतरवायचा, हप्ते आपण भरायचे, आणि तो मरायची वाट बघायची. हे तर्क होते माझे. पण त्या गरीब माणसांचे अंगठे आयत्या वेळी कुणी धरून कागदावर दाबले असतील, हे डोळ्यांपुढं आलं की माझं डोकं भणाणून जायचं. आणि ज्या बाईचा नवरा स्वतःच्या पायानं डॉक्टरापुढं गेला, स्वतःच्या हातानं हप्ते भरत होता, तिचा दावा मात्र माझ्या एका ओळीवर अडकला होता. एजंटाला माझी ओळ फुकटची मिळाली होती. तिच्या आडोशानं त्यानं बाईला शिकवायचा तो धडा शिकवला.

मी पहिला कागद लिहिला तो असा : 'हे एजंट चोर असून मॅनेजर त्यांना सामील आहेत.' लिहून पाहिलं आणि फाडला. सूचनेत सांगितलं होतं तसं पुन्हा लिहिलं. अमुक तीन मिसलींत पॉलिसी एकाच इसमाच्या नावे. साक्षीदार एक. वैद्य एक. एका मिसलीत प्रस्तावावर सही, नंतरच्या कागदावर अंगठा, नकला सोबत. राजूरच्या मिसलीतील निनावी पत्रास आवक नंबर नाही, लिफाफा नाही. दावेदार बाईने अमुक दिवशी अमुक सांगितले, जबाब सोबत. एजंट हे शाखेच्या मॅनेजरांचे साडू आहेत, ही गोष्ट मला स्वतःला ठाऊक आहे. त्यापलीकडे मॅनेजरांविषयी मला काही माहीत नाही.

शेवटची ओळ लिहिताना मी दात आवळले होते. मला फार काही माहीत आहे असं वाटत होतं. पण माहीत नव्हतं. वाटत होतं.

आणि मग मी आणखी एक परिच्छेद लिहिला, जो कुणी मागितला नव्हता : 'राजूरच्या दाव्यात भेटीच्या अहवालात मी स्वतः दावेदार रडली नाही म्हणून संशय लिहिला आहे. त्यास कोणताही आधार नव्हता.' सही केली. मोहर लावली. मॅनेजर परत यायच्या आत रजिस्टर टपालानं हैदराबादला पाठवून दिलं.

पुढचे पाच आठवडे माझ्या आयुष्यातले वाईट. कुणाला सांगायचं नाही, चेहरा बदलू द्यायचा नाही. एजंट मात्र आले. माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले, पानाचा डबा उघडला.

"जुन्या मिसली काढल्या होत्या म्हणे तुम्ही. काही खास?"

"वर्षाची यादी करायची होती."

"बरं बरं. काही लागलं तर सांगा. आपलंच हापिस आहे."

त्यांनी पुढं केलेलं पान मी घेतलं आणि तोंडात धरून बसलो. ते जिना उतरल्यावर खिडकीतून थुंकलो. असा राग गिळायला लागण्यासारखी शिक्षा नाही. समोर माणूस बसलाय, त्यानं काय केलंय हे बहुतेक कळलंय, आणि आपण त्याला 'या, बसा' म्हणतोय.

मॅनेजरना कुणकुण लागली असावी. एक दिवस दार लावून घेतलं.

"तू वर काही लिहिलंस का?"

मी हातातले कागद टेबलावर ठेवले.

"मी तुला या खुर्चीवर बसवलं. तुझी नजर तयार केली. अन् तू माझ्याच घराकडं नजर फिरवतोस?"

"मी सूचनेप्रमाणं काम करतोय, साहेब."

"सूचना!" ते ओरडले. "अरे, हैदराबादेत बसून लिहायला काय जातं? इथं माणसं सांभाळावी लागतात!"

माझ्या जिभेवर होतं, की राजूरच्या बाईला कोणतं माणूसपण दाखवलंत? बोललो नाही. बोललो असतो तर सगळाच सुगावा लागला असता. दार उघडून बाहेर आलो.

कायदेवाले साहेब एका सकाळी रेल्वेनं आले, न कळवता. किरकोळ अंगाचे, पिकलेली दाढी, शेरवानी. दोन दिवस त्यांनी कपाटाच्या किल्ल्या स्वतःजवळ ठेवल्या. मग राजूरला गेले, त्या तीन गावांना गेले, सरकारी डॉक्टराला भेटले. परत आल्यावर मला बोलावलं. टेबलावर माझा कागद होता. एकेक ओळ विचारली. मी कुठंतरी भडकलोच.

"साहेब, हा एजंट हरामखोर आहे. सगळ्या जालन्याला माहीत आहे!"

त्यांनी हात वर केला. "मियाँ, तुम क्लेम के कारकुन हो, काज़ी नहीं. सारा जालना क्या जानता है, वो जालनेवालों से पूछूँगा. तुमने क्या देखा, उतना बोलो."

मी उतनाच बोललो. शेवटी त्यांनी माझा जुना भेटीचा अहवाल काढला. बोट त्या ओळीवर ठेवलं.

"ये तुम्हारे हाथ का है?"

"हो."

"बाई रोई नहीं." त्यांनी चष्मा काढला. "राजूर में उसके घर गया था मैं. पूछना चाहिए था तुमको, कि बाई, रो चुकी हो क्या? नौ महीने, मियाँ. तुम्हारी चार लफ़्ज़ों की नज़र, और उसके नौ महीने."

त्यांनी शिक्षा म्हणून नोकरीच्या पुस्तकात ताकीद लिहिली. ती योग्य होती आणि मला तिच्याबद्दल कधी तक्रार नव्हती.

एजंटाची एजन्सी गेली. ते तिन्ही दावे पोलिसांत दिले. वैद्य पळून गेला, साक्षीदार सापडला आणि त्यानं तोंड उघडलं. एजंटाला मात्र वकील चांगला मिळाला. खटला रेंगाळत राहिला, आणि राज्य बदलायच्या गडबडीत त्याचं काय झालं ते मला कधी नीट कळलं नाही. निनावी पत्र कुणी लिहिलं हे शाबीत झालं नाही. अक्षर बदललेलं होतं.

राजूरचा दावा दहा दिवसांत मंजूर झाला. बाई सही-अंगठ्याला आली तेव्हा मी तिला म्हणालो, "बाई, तुमचा कागद माझ्यामुळं अडकला होता." आणि काय लिहिलं होतं ते सांगितलं.

तिला आधी समजलंच नाही. मग समजलं. तिचा चेहरा हळूहळू असा बदलला की भावानं तिचा दंड धरला.

"म्हंजे मी तुमच्यापुढं रडले असते तर पैसे भेटले असते?"

"तसं नाही..."

"तसंच हाय! घरी सासू पडून व्हती. कागद हरवू नये म्हून मी वाटभर ते घोकत आले. पाटलाचा हा, डाक्टरचा हा. त्याच्यावर तुमी लिवलं का, पढवून आनली म्हून? देवळाच्या पायऱ्याची जागा गेली आमची. भाडं द्याया पैसा न्हवता, दुसऱ्यानं घेतली. आता मागच्या गल्लीत बसते मी. तिथं कोन येतं नारळ घ्यायला? ती जागा द्या मला आनून!"

सगळी कचेरी ऐकत होती. तिनं मला माफ केलं नाही. तिनं करावं असंही मला वाटलं नाही. चेक फडक्यात बांधला, आणि भावाच्या पुढं जिना उतरून गेली. त्यानंतर ती कधी आमच्या माडीवर आली नाही. चतुर्थीला मी दोनदा राजूरला गेलो, पण मागच्या गल्लीत जायचा धीर झाला नाही.

मॅनेजरांचं काय झालं, हे सगळेच विचारतात. त्यांची चौकशी झाली. ते म्हणाले, पत्र कुणीतरी दारातून टाकलं होतं, नंबर घालायचा राहून गेला. 'बनेल' हे मत होतं, आणि चुकीचं मत बाळगणं हा गुन्हा नाही. साडूचे दावे मंजूर केले, कारण कागद पूर्ण होते. खरंच पूर्ण होते. मी साहेबांना हैदराबादला पत्र लिहून विचारलं, हे असं कसं? त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं : जेवढं शाबीत झालं तेवढ्यावरच कारवाई होते, आणि हा नियम जसा त्या बाईच्या उपयोगी पडला तसाच मॅनेजरांच्याही पडणार. ते बरोबर होतं. बरोबर होतं म्हणूनच मला ते पत्र चुरगाळावंसं वाटलं.

मॅनेजरांची बदली झाली. मोठ्या शाखेत. निरोपाच्या दिवशी माडीवर सतरंजी अंथरली, हार आणला. माझं अक्षर चांगलं म्हणून मानपत्र मी लिहावं असं ठरलं होतं. मी नकार दिला. दुसऱ्या कारकुनानं लिहिलं : मनमिळाऊ, दूरदर्शी, हाताखालच्यांना घडवणारे. टाळ्या झाल्या. मग शिपाई पेढ्यांची परात घेऊन फिरला. माझ्यापाशी आला तेव्हा मॅनेजर समोरून बघत होते, हसत होते.

"घे की," ते म्हणाले. "रागावून काय व्हतं?"

मी पेढा घेतला नाही. टोपी उचलली आणि सगळ्यांच्या देखत जिना उतरून खाली आलो. एवढंच मला त्यांच्याविरुद्ध करता आलं.